आजीची यादी आणि एकोणीस माणसं

प्रश्न: मे महिन्यात आमच्याकडे वीसेक नातेवाईक तीन दिवस राहायला येणार आहेत. प्रत्येकाची फर्माईश वेगळी! कुणाला न दुखावता मेनू कसा ठरवायचा?

माझ्याकडे सल्ला असा काही नाही, आमच्या आजीची गोष्ट आहे. गुहागरकडचं घर, स्वयंपाकघरात दोन शेगड्यांचा गॅस, मागच्या दारी एक चूल, आणि येणारी माणसं एकोणीस. फोन आठ दिवस आधीपासूनच सुरू झाले होते. थोरल्या काकाला वालाचं बिरडं हवं होतं, आत्याला पुरणपोळी. आत्याच्या यजमानांना अळूचं फदफदं, पुण्याच्या चुलतबहिणीला उकडीचे मोदक आणि सगळ्या पोरांना पावभाजी. आजीने जुन्या कालनिर्णयाचं पान उलटं करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "लिही."

मला वाटलं, आता पदार्थ लिहायचे. तिने आधी विचारलं, "कोण कधी निघतंय?" आत्या रविवारी संध्याकाळच्या गाडीने जाणार होती, काका सोमवारी. म्हणजे पुरणपोळी रविवारी दुपारपर्यंत पानात पडायला हवी आणि बिरडं रविवारी रात्री केलं तरी चालेल. मग तिने चालू कालनिर्णय काढलं. शनिवारी संकष्टी. तिचा आणि काकूचा उपवास, चंद्रोदय रात्री दहाच्या सुमारास. "मोदक तेव्हाच," ती म्हणाली. "आणि फदफदं त्याच पानात. त्यात कांदा-लसूण नाहीच, नैवेद्याला चालतं." पोरांची पावभाजी शनिवारी दुपारी, कारण पाववाला सकाळी सायकलवरून येतो आणि तो ताजा पाव रविवारपर्यंत ठेवण्यात अर्थ नाही. शुक्रवारी रात्री दमून आलेल्या माणसांना पिठलं-भात. झाला मेनू! पाच फर्माइशी आणि एकही खोडली नाही.

खरी मेख पुढे होती. आजीने प्रत्येकाला उलटा फोन केला. "करते हो. पण मागेल त्याने त्याचं एक काम करायचं." पावभाजीवाल्या पोरांना बटाटे सोलायचे आणि भाजी ठेचायची. चुलतबहिणीला नारळ खवायचे. आत्याला पुरणयंत्र. काकाला वाल सोलायचे. जावयाला काम सांगायला आजीची जीभ धजेना, ते आत्याने परस्पर सांगून टाकलं.

वालाचं गणित नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं बिरडं तिथेच फसतं. किलोभर कडवे वाल शुक्रवारी सकाळी भिजत घातले, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधले. मे महिन्याच्या उकाड्यात शनिवारी संध्याकाळी बोटाच्या पेराएवढे मोड आले. थंडीत याला आणखी दिवसभर लागतो. मोड आले की गाठोडं तसंच ठेवायचं नाही, वाल चिकट होतात आणि आंबूस वास सुटतो. आमच्या एका वर्षीचं अख्खं गाठोडं असंच गेलं होतं, म्हणून आजी त्या दिवशी दर दोन तासांनी नाक लावून बघत होती. सोलताना कोमट पाण्यात टाकायचे आणि दोन बोटांत दाबायचे, की दाणा सालातून सुटकन बाहेर येतो. किलोभर वाल एकट्याने सोलणं म्हणजे शिक्षाच. पण चंद्र उगवायला वेळ होता, पडवीत सगळे रिकामे बसले होते. काकासमोर परात ठेवली, हळूहळू आठ-नऊ जण वाकून बसले. धाकट्या पोराने सालं परातीत आणि दाणे बादलीत टाकले, ते उघडकीला येईपर्यंत अर्धा तास गेला. सोललेले वाल पाण्यात घालून फ्रिजमध्ये गेले, ते रविवारी रात्रीसाठी.

आत पुरणाचं काम आटपलं होतं. शनिवारी दुपारीच किलोभर हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी, म्हणजे कट, निथळून बाजूला काढलं. गूळ घालण्याआधी. हे विसरलात तर आमटीही गेली आणि पुरणही पातळ. मग किलोभर गूळ घालून आटवलं. उलथनं मधोमध उभं केलं आणि ते पडलं नाही, तेव्हा आजीने "उतरव" म्हटलं. गरम असतानाच आत्याने यंत्रातून फिरवलं, गार झाल्यावर दंड भरून येतात. पोळ्या रविवारी सकाळी, माणशी दोन धरून चाळीस. दुपारी कटाची आमटी.

मोदकांना मात्र असं आदल्या दिवशी उरकता येत नाही. माणशी तीन धरून साठ मोदक, सहा नारळ, दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ. सारण दुपारीच करून ठेवलं. उकड रात्री साडेआठला, जितकी पिठी तितकंच पाणी. पहिली उकड फसली. पारी करताना कडा चिरत होत्या. आजीने गोळा चिमटीत दाबून बघितला आणि म्हणाली, "गार होऊ दिलीत. हाताला चटका बसेल इतकी गरम असतानाच मळायची." पाण्याचा आणि तेलाचा हात लावून, पुन्हा वाफ देऊन मळली तेव्हा सुधारली. चाळणीत हळदीचं पान हवं असं ती तीनदा पुटपुटली, पण मे महिन्यात हळद कुठली, केळीच्या पानावर भागवलं. एका वेळी एकवीस, दहा-बारा मिनिटं, तीन घाणे. पोरांना मोदकांआधीच वरणभात देऊन गप्प केलं होतं. दहा वाजेपर्यंत पोरं थांबतील ही आशा कुणीही धरू नये.

आणि जावई? न्हाणीमागचा अळू त्यांनीच कापला, देठ सोलले, आणि मग अर्धा तास खाजऱ्या हातांना खोबरेल चोळत चौकात फिरत राहिले. कापण्याआधी हाताला तेल लावायचं, हे त्यांना सांगायचं सगळेच विसरले. फदफद्यात चिंच टाकायची जबाबदारी माझी होती. आजीचा उपवास, ती चव बघणार नाही, आणि नैवेद्याआधी मीही बघायची नाही. मी चिंच बेताची घातली. पहिल्याच घासाला जावयांनी घसा खाकरला. आजीने काही न बोलता चिंचेचा कोळ घालून पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं, दहा मिनिटं रटरटवलं आणि त्यांना दुसऱ्यांदा वाढलं. ते दोन वाट्या जेवले, जावई म्हणून की खरंच, ते मला आजवर कळलेलं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. धाकटी काकू फोनवर म्हणाली होती, "मला काहीही चालेल हो आई." आजीने त्या पानावर तिच्या नावापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढायला लावलं. तीन दिवस प्रत्येक पंगतीला तिची नजर काकूच्या पानाकडे. रविवारी रात्री काकूने बिरडं बाजूला सारून नुसता ताकभात कालवला. आजी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "लिही, कढी."