बायरच्या गोड मेलमधली मधली ओळ

तू अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एक्स्पोर्टचं काम नवीनच धरलंयस, म्हणून सांगते. सॅम्पल पाठवल्यावर बायरचा असा मेल येईल: ‘रंग फार सुंदर आलेत, टीमला आवडले. जमल्यास वजनाकडे एकदा बघाल का, आमच्याकडे ४७० जीएसएम भरलं. तुमच्यासोबत काम करताना नेहमीच आनंद होतो.’ नवीन माणूस हा मेल खुशीत साहेबांना फॉरवर्ड करतो आणि पूर्ण ऑर्डरचं विणकाम सुरू करायला सांगतो.

आता दोन्ही बाजूंचं कौतुक झाकून बघ. आकडा फक्त मधल्या वाक्यात आहे. ऑर्डर ५०० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाची. ५ टक्क्यांची सूट धरली तरी ४७५ हवं. म्हणजे सॅम्पल नापास आहे, ‘जमल्यास’ हा शब्द निव्वळ सभ्यपणा. ‘टीमला आवडले’ हे कोणत्याही सॅम्पलला लिहिता येतं. ‘४७० भरलं’ हे कुणीतरी काट्यावर ठेवूनच लिहिलेलं असतं.

प्रत्येक कौतुक पोकळ नसतं, हेही लक्षात ठेव. ‘नेव्ही ब्लूचा रंग धुतल्यावरही उतरला नाही’ असं कुणी लिहिलं तर ते खरं समज, कारण त्यांनी तपासलंय.

उत्तर देताना आभार एका ओळीत संपव आणि थेट वजनावर ये: पाइलची, म्हणजे टॉवेलवरच्या धाग्यांच्या फाशांची उंची वाढवून नवीन सॅम्पल कधी पाठवणार, त्याची तारीख दे. आणि त्यांचा होकार येईपर्यंत लूम चालू करू देऊ नकोस.