पोस्टरवरचं मराठी लांबून वाचता यावं म्हणून: वाचकांचे प्रश्न

आमचं पोळीभाजी केंद्र आहे. काचेवर ए-थ्री पोस्टर लावलंय, सगळी माहिती आहे, तरी लोक आत येऊन विचारतात की डबा मिळतो का. अक्षर किती मोठं हवं?

तुम्ही पाठवलेल्या फोटोत मी चौदा ओळी मोजल्या. ‘डबा मिळेल’ ही अकरावी आहे आणि फोटो मोठा केल्यावरच मला ती दिसली.

अक्षराचा आकार पॉइंटमध्ये ठरवू नका, मिलिमीटरमध्ये ठरवा. मराठीत मोजायची उंची म्हणजे शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची. वरची वेलांटी आणि खालचा उकार त्यात धरायचा नाही. मी ‘प’ मोजतो, कारण त्याचा दंड सरळ वरून खाली येतो. माझा हिशेब असा, की जितक्या लांबून वाचायचं त्याच्या दोनशेव्या भागाइतकी ही उंची हवी. तीन मीटरवरच्या पादचाऱ्याला १५ मिमी, रस्त्यापलीकडे दहा मीटरवर असलेल्याला ५० मिमी. चष्मा घरी विसरलेल्या आजोबांचा विचार या आकड्यात केलेला आहे. तरुण डोळ्यांना याहून लहानही दिसतं, पण डबा लावणारे बहुतेकदा आजोबाच असतात.

आता तुमच्या कागदावर हे बसवू. ए-थ्री उभा धरला तर २९७ मिमी रुंद आणि ४२० मिमी उंच. चारी बाजूंना २० मिमी सोडले की उंचीत ३८० उरतात. मराठी ओळीला वर-खाली लागणारी हवा धरून एक ओळ अक्षराच्या उंचीच्या साधारण दुप्पट जागा खाते. ‘पोळीभाजी’ ५० मिमीत घेतलं, १०० गेले. ‘डबा मिळेल’ आणि त्याचा दर अशा दोन ओळी २५ मिमीत, आणखी १०० गेले. फोन नंबर २० मिमीत, ४० गेले. वेळ, सुट्टीचा वार आणि घरपोच कुठपर्यंत या तीन ओळी १५ मिमीत, ९० गेले. बेरीज झाली ३३०. उरलेले ५० मिमी कशानेही भरू नका, ते गटांच्या मधे वाटून टाका. म्हणजे सात ओळी बसल्या. बाकीच्या सात काउंटरवरच्या छोट्या कागदावर जाऊ द्यात, तिथे माणूस हातभर अंतरावर उभा असतो.

रस्त्यावरून ताशी ३० किलोमीटरने जाणारा दुचाकीवाला सेकंदाला आठ मीटरहून जास्त पुढे सरकतो. त्याच्या वाट्याला फक्त ‘पोळीभाजी’ येणार, हे धरूनच चाला.

संगणकावर हे करायचं तर निवडलेल्या फॉन्टात ‘प’ १०० पॉइंटला टाइप करून खऱ्या मापात छापा आणि पट्टीने मोजा. समजा २१ मिमी भरला, तर ५० मिमीसाठी जवळपास २४० पॉइंट लागतील. फॉन्ट बदलला की मोजमाप परत करायचं. तेवढ्याच पॉइंटला एका फॉन्टचं अक्षर टपोरं आणि दुसऱ्याचं बारकं निघतं.

फोन नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून लिहा. लांबून १ आणि ९ यांची गफलत होते, म्हणून फॉन्ट निवडताना हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

पिठाची गिरणी आणि किराणा आहे. फ्लेक्सवर खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीत घुसलाय. फ्लेक्सवाला म्हणतो, मराठीत असं होतंच. खरं का?

होतं, पण ते टाळता येतं. रोमन अक्षरांना डोक्यावर फारसं काही नसतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, शिवाय ‘द्ध’, ‘ट्ट’ यांसारखी खाली लोंबणारी जोडाक्षरं. इंग्रजीला चालणारं अंतर तसंच ठेवलं की वरच्या ओळीचे पाय खालच्या ओळीच्या डोक्यावर पडतात.

तुमचाच मजकूर घेऊ. वरची ओळ ‘शुद्ध घरगुती तूप’, खालची ‘सर्व प्रकारची पिठे’. ‘सर्व’चा रफार नेमका ‘शुद्ध’च्या ‘द्ध’खाली येतो. ‘द्ध’ हे या ओळीतलं सर्वांत खोल उतरणारं अक्षर आहे, आणि दोन्ही एकमेकांना चिकटलेत.

पहिला उपाय अंतर वाढवण्याचा. मोठ्या मथळ्यात एका ओळीच्या पायापासून दुसरीच्या पायापर्यंत ‘प’च्या उंचीच्या दुप्पट ठेवा. बारीक मजकुराच्या तीन-चार ओळी असतील तर सव्वादोन ते अडीच पट. कोरल या प्रोग्रॅममध्ये ओळींचं अंतर १०० टक्क्यांवर असतं, ते बहुतेक मराठी फॉन्टना अपुरं पडतं. १३० ते १४५ पर्यंत नेऊन बघा. टक्के हे फक्त सुरुवातीला, कारण फॉन्ट बनवणाऱ्याने आत किती जागा ठेवलीय त्यावर ते बदलतात. शेवटी पट्टीवरच विसंबा.

दुसरा उपाय फुकटचा आहे: शब्द हलवा. ‘घरगुती शुद्ध तूप’ केलंत की रफाराच्या वर ‘घर’मधला ‘र’ येतो, त्याला खाली काहीच नाही. ‘शुद्ध’ आता जिथे गेला तिथे नवी टक्कर होत नाही ना, तेवढं नजरेखालून घाला. जुने हाताने बोर्ड रंगवणारे पेंटर हे न सांगता करायचे. उकार जरा आखूड, वेलांटी जरा बसकी, आणि दोन ओळी एकमेकींत गुंतवून टाकायचे. फॉन्टला ती अक्कल नाही, ती आपण लावायची.

आणि अंतर अति वाढवूही नका. दोन ओळींमधली जागा ओळीपेक्षा मोठी झाली की त्या दोन वेगळ्या जाहिराती वाटतात.

खानावळीच्या पोस्टरला जाड फॉन्ट घेतला, वर पांढरी आउटलाइनही दिली. तरी लांबून गिचमिड दिसतं. कुठला फॉन्ट घेऊ?

आधी ती आउटलाइन काढा. माझ्या सुरुवातीच्या काळात एका खानावळीसाठी मी ‘भरलेली वांगी’ असंच जाड करून, वर आउटलाइन चढवून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला: लोक फोटो काढताहेत, ‘मरलेली वांगी’ म्हणून. माझी चूक होती आणि ती कुठे झाली हे त्या एका अक्षरात दिसतं. ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक काय? ‘भ’च्या डाव्या टोकाला गाठ असते आणि तिथे शिरोरेषा तुटलेली असते. अक्षर फुगवलं की गाठीचं भोक बुजतं, आउटलाइनने शिरोरेषेतली फट भरून निघते, आणि उरतो तो ‘म’. ‘ध’चा ‘घ’ याच वाटेने होतो. ‘ब’चं पोट भरलं की ‘व’ होतो. बटाटावड्याच्या गाडीवर हे फार बघायला मिळतं.

म्हणून फॉन्ट तपासताना तुमच्या दुकानाचं नाव टाइप करण्याआधी ‘भ म ध घ ब व’ एवढं टाइप करा. त्याचा लहान प्रिंट काढून हात लांब करून, डोळे किलकिले करून बघा. जोड्या वेगळ्या दिसल्या तर फॉन्ट चालेल.

फुकट मिळणाऱ्यांत मी मजकुराला Mukta वापरतो. त्यात बारीकपासून अतिजाडपर्यंत सात वजनं आहेत, पोस्टरला त्यातली मधली जाडी पुरते. मथळा गोलसर, खाण्यापिण्याचा हवा असेल तर Baloo 2 छान बसतो, पण तोही सर्वांत जाड वजनात नको. Modak दिसायला गमतीचा आहे आणि अक्षरांची पोटं त्यात मुद्दामच जवळपास बुजवलेली आहेत. एखाद्या शब्दापुरता तो ठीक, दरपत्रक त्यात लिहाल तर गिऱ्हाईक पळेल. एका पोस्टरवर दोन फॉन्ट पुरे.

रंगही बघा. पिवळ्यावर लाल लांबून वाटतं तितकं उठून दिसत नाही, पिवळ्यावर काळं दिसतं. मोबाइलमध्ये फोटो कृष्णधवल करून अक्षर वेगळं राहतं का ते बघितलं की वाद मिटतो.

दुकानाचं नाव लांब आहे, जागा अरुंद. डीटीपीवाल्याने अक्षरं बाजूने दाबून बसवली. चालेल का?

दहा टक्क्यांपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. त्यापुढे काना आणि दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. मग लांबून नुसती आडवी काळी पट्टी दिसते. दाबण्यापेक्षा मुळातच अरुंद बनवलेला फॉन्ट घ्या, जसा Khand किंवा Teko. नाव दोन ओळींत तोडलंत तर त्याहून बरं.

उलट चूकही होते: जागा भरायला अक्षरांमधलं अंतर वाढवतात. इंग्रजी मथळ्याला ते शोभतं. मराठीत शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द सुटी अक्षरं होऊन लोंबकळतो. ते अंतर शून्यावर ठेवा.

मोबाइलवर पोस्टर बरोबर दिसतं, छापून आलं की जोडाक्षरं तुटलेली. आणि ‘पुऱ्या’चं ‘पुर्या’ झालंय.

या दोन वेगळ्या भानगडी आहेत. पहिली छापखान्याची. तुमची फाइल त्यांच्या यंत्रावर उघडताना तो फॉन्ट तिथे नव्हता, किंवा त्यांच्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिपींची मांडणी बंद होती. मग ‘कि’ची वेलांटी उजवीकडे जाते, हलन्त उघडे पडतात. छापायला देताना फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या, किंवा डीटीपीवाल्याकडून अक्षरं कर्व्हजमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून घ्या. कर्व्हज केल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, तेव्हा आधी घरातल्या एखाद्या काटेकोर माणसाकडून वाचून घ्या.

दुसरी टाइप करण्याची. साधा ‘र’, हलन्त आणि ‘या’ दिलंत तर रफार येणारच, जसा ‘सूर्या’मध्ये. ‘पुऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘कचोऱ्या’ यांना खाली टिंब असलेला ‘ऱ’ लागतो. कीबोर्डवर ‘र’ दाबून धरलात तर बहुधा सापडतो. त्यापुढे हलन्त आणि ‘या’.

बोर्डावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं आहेत, दोन्ही एकाच पॉइंटला. तरी मराठी लहान दिसतं. नियमात बसेल का?

महाराष्ट्रातल्या दुकानांच्या नामफलकांसाठी २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार देवनागरीतलं मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको. फलकाकडे बघणाऱ्याला तुमचे पॉइंट दिसत नाहीत. वेलांटी-उकारांना जागा ठेवण्यासाठी मराठी फॉन्टात अक्षर मुळातच आखूड असतं, म्हणून तेवढ्याच पॉइंटला इंग्रजी कॅपिटल वरचढ ठरतं. ‘प’ची उंची आणि इंग्रजी कॅपिटलची उंची पट्टीने मोजा आणि ‘प’ निदान तेवढा येईपर्यंत मराठीचा आकार वाढवत न्या. तुमच्या फोटोवरून अंदाज घेतला तर मराठी पाव पटीने तरी वाढवावं लागेल, आणि मग मधली इंग्रजी नावाची ओळ खाली सरकवायला जागा नाही. इंग्रजी नावाखालची ‘होलसेल अँड रिटेल’ ही ओळ काढा, तिथेच ती जागा आहे.