'पाणी इला' ही चूक म्हणून मोजण्यापूर्वी

"मी मूळची पुण्याची. मस्कतमध्ये वाढलेल्या मालवणी कुटुंबांतील मुलांच्या व्याकरणावर प्रबंध करते आहे. मुले 'पाणी इला', 'घर मोठा आसा' असे बोलतात, म्हणजे त्यांच्या भाषेतून नपुंसकलिंग गळाले, असे मी नोंदवले आहे. एकभाषक तुलनागट प्रमाण मराठीचा घ्यावा, असे मार्गदर्शक म्हणतात. घ्यावा का?"

घेऊ नये. हीच चूक मी केली होती आणि तिच्यात माझी दोन वर्षे गेली, म्हणून सविस्तर लिहितो. माझा अनुभव सिंधुदुर्गातील कुटुंबांपुरताच आहे, हे मात्र लक्षात ठेवावे.

मालवणीत पुल्लिंगी एकवचन ओकारान्त असते: 'आंबो पडलो', 'दगड मोठो आसा'. नपुंसकलिंगी एकवचन आकारान्त असते: 'पाणी इला', 'घर मोठा आसा'. म्हणजे हा 'इला' प्रमाण मराठीतील 'आला'च्या नव्हे, तर 'आले'च्या जागी आहे. पुण्याच्या कानाला तो पुल्लिंगी वाटतो, पण त्या मुलांच्या आजीच्या तोंडीही तोच आहे. मी असा प्रत्येक 'इला' आणि 'पडला' चूक म्हणून मोजला, आणि आईवडिलांकडून जसाच्या तसा आलेला वारसा माझ्या तक्त्यात ऱ्हास म्हणून नोंदवला गेला. भाषाशास्त्रज्ञ मारिया पोलिन्स्की यांनी २००८ मध्ये अमेरिकेत वाढलेल्या रशियन वारसाभाषकांविषयी, म्हणजे रशियन फक्त घरातून मिळालेल्यांविषयी, दाखवले होते की, ज्यांची भाषा कच्ची होती त्यांच्याकडे तीनऐवजी दोनच लिंगे उरली होती आणि नपुंसकलिंग नाहीसे झाले होते. ते वाचून मी तेच शोधायला बसलो होतो आणि मला तेच दिसले.

ज्या समितीकडे माझा प्रस्ताव होता, तिने या चुकीवर शिक्कामोर्तब केले. पालकांचे ध्वनिमुद्रण करण्याची परवानगी मी मागितली, तेव्हा 'बोली हा तुलनेचा पाया होऊ शकत नाही, शुद्ध भाषेचा गट दाखवा' असा शेरा मारून कागद महिनोन्महिने अडवून ठेवला. भाषाविज्ञानाच्या प्रस्तावावर असा शेरा मारला गेला, याचा मला आजही संताप येतो. मुलाने जी भाषा कधी ऐकलीच नाही, ती त्याने गमावली असे कसे म्हणता येईल?

आता कसोटी सांगतो. नपुंसकलिंगी नाम एकटे तपासू नये. शेजारी पुल्लिंगी नाम ठेवावे आणि दोन्ही व्यंजनान्त निवडावीत, म्हणजे नामाच्या शेवटावरून लिंग कळणार नाही: झाड, घर, दार एका बाजूला आणि दगड, फणस, हात दुसऱ्या बाजूला. मूल 'दगड पडलो' पण 'झाड पडला' म्हणत असेल, तर भेद शाबूत आहे. दोन्हींना 'पडला' म्हणत असेल तर संशय घ्यावा, पण तेवढ्यावर निर्णय देऊ नये, कारण 'दगड पडला' हे शाळेतून किंवा दूरचित्रवाणीवरून आलेले प्रमाण मराठीही असू शकते. तेव्हा अनेकवचन पाहावे. तेथे मालवणी आणि प्रमाण मराठी एकाच बाजूला उभ्या राहतात: 'दगड पडले', पण 'झाडां पडली' किंवा 'झाडे पडली'. मूल 'झाडां पडले' म्हणाले, तर ते ना घरचे आहे ना शाळेचे.

वेंगुर्ल्याजवळच्या एका कुटुंबातील, आखातात वाढलेली दोन भावंडे या कसोटीने मी पुन्हा तपासली. माझ्या पहिल्या तक्त्यात दोघांचीही नावे चुकणाऱ्यांत होती. बहीण 'फणस पडलो, झाड पडला, झाडां पडली' असे बोलत होती, अगदी आईसारखे. तिच्या व्याकरणात काहीही झिजलेले नव्हते. धाकटा भाऊ मात्र 'फणस पडला, झाड पडला, झाडां पडले' म्हणत होता. त्याच्याकडे दोनच लिंगे होती, पण त्या दोहोंत त्याची कधीही गफलत होत नव्हती. म्हणून मी त्याला मोडतोड न म्हणता पुनर्रचना म्हणतो. नियम सुटलेला नाही, नियम बदललेला आहे.

हा भेद त्याने आत्मसात करून गमावला की मुळात आत्मसातच केला नाही, हे आजच्या बोलण्यावरून ठरत नाही. सुदैवाने त्याच्या आईकडे तो पाच वर्षांचा असतानाच्या चित्रफिती होत्या आणि त्यांत 'पिल्लां पडली', 'पोरां इली' स्पष्ट ऐकू येते. त्यामुळे त्याच्या बाबतीत मी ऱ्हासाकडे झुकतो, पण ती वाक्ये मोजकीच आहेत आणि आईच्या तोंडची तशीच्या तशी उचललेली असू शकतात.

तुलनागट म्हणून मस्कतमधीलच आईवडील घ्यावेत, कारण मुलांच्या कानावर पडलेली भाषा तीच आहे. कुडाळचे गावकरी दुसरा गट म्हणून घ्यावेत. मात्र त्यांना एकभाषक म्हणताना जपावे, कारण शाळेत गेलेला प्रत्येक जण प्रमाण मराठीही बोलतो आणि पुण्याचे माणूस समोर बसले की तीच बोलू लागतो. त्यामुळे ध्वनिमुद्रण आपण स्वतः करू नये. शब्दांविना चित्रकथा द्यावी, घरातील एखाद्या वडीलधाऱ्याला ऐकायला बसवावे आणि आपण खोलीबाहेर थांबावे. लिप्यंतर करणाऱ्यालाही 'पडला'चे 'पडले' करू नये, अशी लेखी सूचना द्यावी. माझ्याकडे ते काही पानांवर झाले होते आणि ती पाने मला पुन्हा ऐकून लिहावी लागली.