कालसर्प सांगताना अंश पाहिले होते का?

प्रश्न: मुलीच्या कुंडलीत सगळे ग्रह राहू-केतूच्या एकाच बाजूला आहेत. एका गुरुजींनी तक्षक कालसर्प आहे, आधी शांती करा असं सांगितलं. दुसरे म्हणाले, योगच होत नाही. लग्नाची बोलणी थांबली आहेत. खरं कोणाचं मानायचं?

उत्तर: बोलणी थांबवू नका. माझा अंदाज असा की एका गुरुजींनी राशी पाहिल्या आणि दुसऱ्यांनी अंश पाहिले. कालसर्पाबद्दलचे निम्मे वाद इथेच असतात. मी बरीच वर्षं पत्रिका बघतो आहे आणि या एका शब्दाने धास्तावलेले आईवडील वारंवार भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राहू आणि केतू हे डोळ्यांना दिसणारे ग्रह नाहीत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते हे दोन बिंदू, म्हणून त्यांच्यात कायम 180 अंशांचं अंतर असतं. राशिचक्राचे असे दोन अर्धे होतात, आणि रवीपासून शनीपर्यंतचे सातही ग्रह त्यातल्या एकाच अर्ध्यात सापडले की त्याला कालसर्प म्हणतात. ग्रह राहूच्या पुढे आहेत की केतूच्या पुढे यावरून काही जण आणखी भेद करतात, पण त्यावर जाणकारांचंच एकमत नाही.

पत्रिकेच्या चौकोनात फक्त राशी दिसतात. राहू मिथुनेत, केतू धनूत आणि बाकीचे मधल्या घरांत असले की नजरेला योग पुरा झालेला दिसतो. पण राहू किंवा केतूच्याच राशीत एखादा ग्रह बसला असेल, तर तो रेषेच्या आत आहे की बाहेर हे अंशांवरूनच कळतं.

जवाहरलाल नेहरूंची कुंडली घ्या. कालसर्पाचं उदाहरण म्हणून ती पुष्कळदा दाखवली जाते. जन्म 14 नोव्हेंबर 1889, अलाहाबाद, लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास कर्क. राहू व्ययात मिथुनेला, केतू षष्ठात धनूला. कर्केत चंद्र, सिंहेत शनी, कन्येत मंगळ, तुळेत बुध-शुक्र, वृश्चिकेत रवी आणि धनूत केतूजवळ गुरू. राशींनी पाहिलं तर सातही ग्रह अडकलेले, आणि राहू बाराव्या स्थानी म्हणून नाव पडतं शेषनाग कालसर्प. आता अंश बघा. केतू धनूच्या साधारण 12 ते 13 अंशांवर आहे आणि गुरू सुमारे 15 अंशांवर. म्हणजे गुरू केतूला ओलांडून दोनेक अंश पलीकडे गेला आहे. काटेकोर नियम लावला तर ही कालसर्पाची कुंडली नाहीच.

त्यांचं आयुष्य तरी काय सांगतं? योग मानणारा त्यांच्या तुरुंगवासाकडे बोट दाखवील, न मानणारा 1947 ते 1964 या पंतप्रधानपदाकडे. ज्या योगाने दोन्ही सिद्ध होतं त्याने काहीच सिद्ध होत नाही, असं मला वाटतं. जुन्या पद्धतीने ही पत्रिका वाचणारा आधी लग्नातला स्वराशीचा चंद्र बघेल, मग चतुर्थात स्वराशीला असलेला शुक्र, ज्याने मालव्य योग होतो, मग षष्ठातला स्वराशीचा गुरू. व्ययातल्या राहूचं फळ तो राहूचं म्हणून सांगेल. त्यासाठी सात ग्रहांवर एक साप गुंडाळायची गरज पडत नाही.

आणि ते जुन्या पद्धतीला धरूनच आहे. बृहज्जातक, सारावली, फलदीपिका या ग्रंथांत कालसर्प नावाचा योग नाही. बृहज्जातकात सर्पयोग आहे, पण तो तीन केंद्रांत पापग्रह असले की होतो. त्यात राहू-केतूच्या वेढ्याचा संबंध नाही. जुन्या पोथ्यांत सर्पशापाचा जो विषय येतो तो संततीसंबंधी आहे आणि त्याच्या अटी वेगळ्या. नावात सर्प आहे म्हणून ही सगळी भीती एकत्र झाली, आणि अलीकडच्या काळात ती फार फुगली.

मला सर्वांत पटलेलं कारण मात्र ग्रंथातलं नाही, गणितातलं आहे. बुध रवीपासून 28 अंशांच्या आणि शुक्र 47 अंशांच्या फार पलीकडे कधी जात नाही. म्हणजे रवी ज्या बाजूला, त्याच बाजूला हे दोघे असण्याची शक्यता मोठी. त्यात काही महिने मंगळ, गुरू आणि शनीही त्याच अर्ध्यात आले, तर उरतो फक्त चंद्र. तो साधारण 27 दिवसांत सगळं चक्र फिरतो, त्यामुळे जवळजवळ 13 दिवस आत आणि तेवढेच बाहेर. अशा काळात महिन्यातल्या सलग 13 दिवसांत पृथ्वीवर कुठेही जन्मलेल्या प्रत्येक बाळाला कालसर्प येतो. त्या सगळ्यांची लग्नं रखडतील, सगळ्यांना संततीचा त्रास होईल, असं कुठलाही जबाबदार माणूस म्हणणार नाही.

तक्षकाचंही तसंच. राहू सप्तमात आणि केतू लग्नी असला की तक्षक. पण लग्न एका दिवसात बाराही राशींतून फिरतं. त्यामुळे योग असलेल्या कोणत्याही दिवशी अनंतापासून शेषनागापर्यंतची बाराही नावं साधारण दोन-दोन तासांनी येऊन जातात. तुमची मुलगी दोनेक तास आधी जन्मली असती तर तिला कर्कोटक सांगितला असता, दोनेक तास उशिरा जन्मली असती तर महापद्म. आकाश मात्र जवळपास तेच राहिलं असतं.

तेव्हा करा असं. पत्रिकेच्या मागच्या पानावर स्पष्ट ग्रह दिलेले असतात. त्यातून राहू, केतू आणि त्यांच्या राशीत बसलेले ग्रह यांचे अंश लिहून काढा. बाकीचे ग्रह ज्या अर्ध्यात आहेत त्याच्या बाहेर त्यांतला कुणी असेल तर योग तिथेच मोडला. अंतर एक-दीड अंशाचंच असेल तर सरासरी गतीने काढलेला मध्यम राहू घेतला आहे की प्रत्यक्ष स्थितीचा स्पष्ट राहू हे विचारा, कारण त्या दोघांत कधीकधी दीड अंशाहून अधिक फरक पडतो आणि एका सॉफ्टवेअरमध्ये होणारा योग दुसऱ्यात होत नाही.

योग काटेकोरपणे होत असला तरी विवाहाचा प्रश्न त्याने सुटत नाही. सप्तमातल्या राहूकडे बघायला हवंच, ते मी नाकारत नाही. पण तो कोणत्या राशीत आहे, त्या राशीचा स्वामी म्हणजेच सप्तमेश कुठे आणि किती बळाने बसला आहे, गुरूची दृष्टी सप्तमावर आहे का, आणि लग्नाच्या वयात दशा कोणाची, हे क्रमाने पाहायचं. राहूची महादशा 18 वर्षांची आणि केतूची 7 वर्षांची. मुलीच्या विशी-तिशीत त्यांपैकी एकही येत नसेल, तर राहूच्या नावाने घाबरायला आणखीच कमी कारण आहे.

शांतीबद्दल म्हणाल तर श्रद्धेने पूजा करणाऱ्याला मी कधी अडवलं नाही. त्र्यंबकेश्वरला मनापासून जाणारी माणसं मी पाहिली आहेत. पण ती झाल्याशिवाय स्थळाला होकार द्यायचा नाही, ही अट मला मान्य नाही. अंश आणि सध्याची दशा इथे लिहा, जन्मतारीख किंवा नाव नको. सप्तमेशापासून आपण सुरुवात करू.