बऱ्याच दिवसांनी पोस्ट टाकताना कॅप्शन काय द्यावं?

आठ महिने इन्स्टाग्रामवर काहीच टाकलं नाही. आता फोटो टाकायचाय. माफीबिफी नको, साधं बिनधास्त कॅप्शन सुचवा.

हे टाका: «हां, तर कुठे होतो आपण?»

गप्पा मध्येच थांबल्या होत्या आणि आता पुढे सुरू, असा सूर त्यात आपोआप येतो. ‘सॉरी, गायब होते’ लिहिलंत की कमेंटमध्ये ‘काय झालं? बरी आहेस ना?’ हेच येत राहतं आणि फोटोकडे कुणी बघत नाही. मला तर ‘खूप दिवसांनी’ हे शब्दही नकोसे वाटतात, कारण त्यापाठोपाठ कारण द्यावंसं वाटतंच.

फीडमध्ये कॅप्शनची सुरुवातच दिसते, बाकीचं ‘more’ मागे जातं. म्हणून ही ओळ अगदी पहिली ठेवा आणि लगेच फोटोतलंच काहीतरी सांगा. समजा, फोटोत केस आखूड दिसतायत:

«हां, तर कुठे होतो आपण? मधे केस कापले. मान हलकी झालीय.»

इथेच थांबा. हात जोडलेला इमोजी लावू नका, त्यातून माफीच डोकावते.

मात्र मधल्या काळात घरात काही दुःखाचं घडलं असेल आणि लोकांना ते माहीत असेल, तर ही ओळ खटकेल. तेव्हा फक्त फोटोबद्दल लिहा.