डबीवरचा १२ एम आणि बाथरूममधलं शेल्फ

प्रश्न: क्रीमच्या डबीवर उघड्या बरणीचं चित्र आणि १२ एम लिहिलंय, पण खाली एक्सपायरी २०२७ ची आहे. कोणतं धरायचं? मी ती बाथरूममध्ये ठेवते, चालतं का?

दोन्ही धरायचं, आणि जे आधी येईल तिथे थांबायचं. एक्सपायरी ही सील न फोडलेल्या डबीची असते. उघड्या बरणीचं चित्र म्हणजे झाकण पहिल्यांदा उघडल्यापासूनचे महिने. एम म्हणजे महिने. मार्चमध्ये उघडली तर पुढच्या मार्चपर्यंत. हे चिन्ह मूळचं युरोपातलं, न उघडता ३० महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या वस्तूंसाठी तिथे २००५ पासून बंधनकारक झालेलं. म्हणून आपल्याकडच्या काही डब्यांवर ते दिसतं, काहींवर नसतं.

पण तुमचा खरा प्रश्न शेवटचा आहे. ते बारा महिने नीट वापरलेल्या, नीट ठेवलेल्या डबीचे असतात. सोलापुरातलं बाथरूम त्या हिशोबात कुणी धरलेलं नसतं.

माझं मेडिकलचं दुकान आहे, सात रस्त्याजवळ. पण उदाहरण घरचंच सांगतो. वहिनींनी संक्रांतीला पन्नास ग्रॅमची डबी उघडली, त्यावर १२ एमच होतं. ठेवायची जागा गीझरखालचं शेल्फ. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे बाथरूममध्ये ड्रम कायम भरलेला, फरशी कधी कोरडी होतच नाही. आंघोळ झाली की त्या वाफेतच झाकण उघडायचं आणि ओल्या बोटानं क्रीम घ्यायचं. मेमध्ये त्यांनी डबी माझ्यापुढे ठेवली: "भाऊजी, बघा हो, वास येतोय का?"

क्रीमला हात लावायच्या आधी मी झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला राखाडी ठिपके होते, मोहरीएवढेही नाहीत. कडेला पातळ पाणी सुटलं होतं. आणि वास? शेंगाची चटणी डब्यात जुनी झाली की जो खवट वास येतो, तोच. म्हणजे तेलाचा भागही उतरला होता. बारा महिन्यांची डबी चार महिन्यांत गेली.

ठिपके झाकणालाच आधी का आले? क्रीममध्ये बुरशी आणि जंतू रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह असतं, पण ते क्रीममध्ये. वाफेत झाकण उघडलं की दमट हवा आत जाते, डबी गार झाली की तिचे थेंब झाकणाला आणि क्रीमच्या पृष्ठभागावर बसतात. त्या थेंबांत प्रिझर्व्हेटिव्ह जवळजवळ नसतंच. ओल्या बोटाचं पाणी त्यात भर घालतं. बुरशीला तेवढी जागा पुरते. मग उन्हाळ्याची गरमी क्रीममधलं तेल आणि पाणी वेगळं करायला मदत करते, ते निराळंच.

वहिनींनी वरचा थर चमच्यानं काढून टाकून खालचं पंधरा दिवस वापरलं होतं. असं करू नका. बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. त्यांच्या गालावर पुरळ आलं होतं. ते क्रीममुळेच आलं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण क्रीम बंद केल्यावर आठवड्यात बसलं.

तुमच्या डबीचं असंच बघा. झाकणाची आतली बाजू आणि कड आधी, मग वास, मग पोत. पहिल्या दिवशी सलग असलेलं क्रीम दाणेदार झालं किंवा पाणी सोडू लागलं, तर ढवळून परत एकजीव दिसेल, पण ते पूर्वीसारखं झालं असं समजू नका. टाकून द्या. आणि हेही लक्षात घ्या की जंतू वाढले तरी काहीच न दिसणं, वास न येणं शक्य असतं. म्हणून महिने उलटले की डबी चांगली दिसते म्हणून पुढे ढकलू नका, विशेषतः डोळ्यांजवळ लावायचं असेल तर.

व्हिटॅमिन सी चं सीरम मात्र रंगावरून कळतं: पाण्यासारखं असलेलं गडद पिवळं, मग तपकिरी व्हायला लागलं की हवेनं त्याचं काम संपवलेलं असतं. त्याला फ्रिज चांगला, दारात नको. साध्या क्रीमला फ्रिजची गरज नाही आणि फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नका, गोठून फाटतं.

डबी बेडरूमच्या आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट मेमध्ये दुपारी हात लावून बघा, मग कळेल तिथे का नको. हात पुसून, कोरड्या छोट्या चमच्यानं घ्या. पुढच्या वेळी पंपाची किंवा ट्यूबची बाटली मिळाली तर तीच घ्या, बोट आत जातच नाही. आणि उघडल्याची तारीख मार्करनं डबीच्या बुडाला लिहा. झाकणावर नको, आमच्या घरात झाकणं एकमेकांची बदलतात.