कसं, का आणि कितपत

"मुलगी इंग्लंडमध्ये जीसीएसईला आहे, भूगोल घेतलाय. पेपरात डिस्क्राइब, एक्सप्लेन, असेस असे शब्द येतात आणि येत असलेलं लिहूनही तिचे गुण जातात. मी मराठी माध्यमातला, आम्हाला सगळीकडे 'स्पष्ट करा'च असायचं. या तिघांना नेमके मराठी शब्द कोणते आणि त्यांनी उत्तर कसं बदलतं?"

कोशातले शब्द सोपे आहेत: वर्णन करा, स्पष्ट करा, मूल्यमापन करा. घोळ मधल्या शब्दाचा आहे. आपलं 'स्पष्ट करा' म्हणजे घरातलं एकुलतं एक पातेलं, दूध त्यातच तापवायचं आणि आमटीही त्यातच करायची. 'संकल्पना स्पष्ट करा' म्हटलं की व्याख्या द्यायची, 'फरक स्पष्ट करा' म्हटलं की तुलना करायची आणि 'आकृतीच्या साहाय्याने स्पष्ट करा' म्हटलं की पेन्सिल काढायची. शब्दाचं मूळ पाहिलं तर यात नवल नाही. संस्कृतात 'स्पश्' म्हणजे पाहणं, त्यावरून 'स्पष्ट' म्हणजे नीट दिसणारं. 'का?' हा प्रश्न त्या शब्दात मुळात नाहीच. भूगोलातल्या एक्सप्लेनला मात्र तोच प्रश्न हवा असतो. आपल्या दहावीच्या पेपरात त्याची जागा वेगळी होती, आठवतंय का? 'भौगोलिक कारणे लिहा.' मुलीला एक्सप्लेनचा अर्थ सांगताना हेच तीन शब्द सांगा.

माझ्या मते तिन्ही क्रियापदांना मराठीत प्रश्नवाचक शब्द जास्त चांगले बसतात. डिस्क्राइब म्हणजे कसं, एक्सप्लेन म्हणजे का, असेस म्हणजे कितपत. तुम्हाला ओळखीचा म्हणून महाराष्ट्राच्या पावसाचा नकाशा घेऊ. तिच्या पेपरात लेक डिस्ट्रिक्ट आणि लंडन येईल, पण गोष्ट तीच आहे.

"पावसाच्या वितरणाचं वर्णन करा" असा प्रश्न आला, तर बहुतेक मुलं लिहितात, "महाबळेश्वरला खूप पाऊस पडतो कारण तिथे डोंगर आहेत." या वाक्याचा 'कारण'नंतरचा भाग बरोबर असला तरी इथे त्याला गुण नाही, तो विचारलेलाच नाही. आणि 'खूप' म्हणजे किती हेही कळत नाही. 'वर्णन'मध्ये 'वर्ण' आहे, म्हणजे रंग. नकाशावर जे रंग दिसतात तेवढेच शब्दांत उतरवायचे. कोकणात साधारण अडीच-तीन हजार मिलीमीटर, घाटमाथ्यावर महाबळेश्वरला सहा हजारांच्या आसपास आणि तिथून रस्त्याने जेमतेम ३०-३५ किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत. पुढे माणदेशात पाचशेच्या घरात. एवढं लिहून बरीच मुलं थांबतात आणि नकाशातला अपवाद सोडून देतात. पूर्वेकडे पाऊस घटतच जात नाही. विदर्भात तो पुन्हा वाढतो, गडचिरोलीकडे हजाराच्या बराच वर जातो. सर्वसाधारण कल, त्याला आधार देणारे दोन-तीन आकडे आणि कलात न बसणारी जागा, एवढं आलं की वर्णन झालं. पेन खाली.

आता तोच नकाशा, पण प्रश्न "का?" इथे आकडे मागे पडतात आणि साखळी लागते. माझ्या शाळेच्या वहीत याचं उत्तर एका ओळीचं होतं: "सह्याद्री ढगांना अडवतो." वर्षानुवर्षं आम्ही ते लिहिलं. पण ढग काही भिंतीला आपटून फुटत नाहीत. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीच्या उतारावरून वर ढकलली जाते. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे ती प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत कमी बाष्प मावतं, म्हणून जास्तीचं बाष्प थेंब होऊन पश्चिम उतारावर आणि माथ्यावर पडतं. पूर्वेकडे तीच हवा खाली उतरते, दाबली जाते, तापते. त्यामुळे तिची सापेक्ष आर्द्रता घटते, ढग विरतात आणि वाईच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. हीच पर्जन्यछाया. उत्तरातले 'म्हणून', 'त्यामुळे' मोजून पाहा. एक्सप्लेनच्या उत्तरात ते नसतील तर मुलीने वर्णनच पुन्हा लिहिलंय असं समजायचं. उलट 'अडवतो' या एका क्रियापदात सगळं उरकलं असेल, तर साखळीची एकच कडी दिलीय.

असेसचं प्रकरण निराळं आहे. त्याला आपण 'मूल्यमापन' म्हणतो, पण त्याहून नेमका शब्द तलाठ्याकडे आणि नगरपालिकेत आहे: आकारणी. असेस हा शब्द लॅटिनमधून आला, न्यायाधीशाच्या बाजूला बसून कर ठरवणाऱ्या माणसापासून. घरपट्टीची आकारणी करणारा बांधकाम बघतो, क्षेत्रफळ बघतो, वापर बघतो, पण शेवटी कागदावर एक आकडा टाकतो. "घराच्या दोन बाजू आहेत" असं लिहून तो परत जात नाही. मुलांचं असेसचं उत्तर नेमकं तिथेच अडतं: हेही आहे, तेही आहे, आणि पान संपतं.

समजा प्रश्न असा आहे: "महाराष्ट्रातल्या पाणीटंचाईला पर्जन्यछाया कितपत कारणीभूत आहे?" पर्जन्यछायेच्या बाजूने माणदेशाचा पाचशे मिलीमीटरचा पाऊस आहेच. तिथला बेसॉल्टचा कठीण खडक पाणी फारसं धरून ठेवत नाही, हे दुसरं कारण झालं. पण मग अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पुढे येतं. तेही पर्जन्यछायेतच. तिथे १९९०च्या दशकापासून पाणलोटाची कामं झाली, शेतीसाठी बोअरवेलवर बंदी आली, उपलब्ध पाण्याचा हिशेब मांडून पिकं ठरू लागली, आणि गाव टंचाईतून बाहेर आलं. दुसरीकडे लातूरला सरासरी पाऊस हिवरे बाजारपेक्षा बराच जास्त, तरी २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मग दोष छायेचा की वापराचा? हुशार मुलगी इथे आणखी एक गोष्ट लिहील: एक छोटं गाव आणि लाखोंचं शहर यांची तुलना सरळ होत नाही, शिवाय २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षं लागोपाठ कोरडी गेली होती. हे सगळं वजन करून मग आकडा टाकायचा: "पर्जन्यछायेमुळे पाणी मुळात कमी मिळतं, त्यामुळे धोका कायम असतो. पण त्या धोक्याची टंचाई होते की नाही, हे बऱ्याच अंशी पाण्याच्या वापरावर ठरतं." कोणी उलटा निवाडा दिला तरी चालेल, फक्त तो वर मांडलेल्या पुराव्यातून निघाला पाहिजे. शेवटच्या ओळीत एकदम उगवलेला नको.

'कितपत'ला इंग्रजी पेपरात 'टू व्हॉट एक्स्टेन्ट' असं स्वतंत्र रूपही असतं. ते दिसलं की मुलीने ते असेसचं सख्खं भावंड समजावं. 'जस्टिफाय' मात्र वेगळं, म्हणजे आपलं 'समर्थन करा'. तिथे निवड आधीच केलेली असते आणि तीच का, एवढंच पटवायचं असतं.